शून्याचा शून्य घात : x^x ची उजवीकडून सीमा

x^x या फलनात x दोन जागी बसलेला आहे, पायात आणि घातांकातही. त्यामुळे x शून्याकडे सरकू लागला की दोन्ही जागा एकाच वेळी शून्याकडे निघतात. एक नियम सांगतो, शून्याचा कोणताही धन घात शून्य. दुसरा सांगतो, शून्य सोडून कोणत्याही संख्येचा शून्य घात एक. पाया उत्तराला शून्याकडे ओढतो आणि घातांक एककडे. या ओढाताणीत उत्तर कुठे थांबते हे दोन्ही नियमांपैकी एकावरूनही ठरत नाही, म्हणूनच 0^0 हे अनिर्धार्य रूप मानतात. मागच्या लेखातील 0/0 प्रमाणेच येथेही नुसते रूप पाहून उत्तर सांगता येत नाही, ते फलन मोजावे लागते.

आधी आकडे पाहू. x हा दहाच्या घातांत घेतला तर कॅल्क्युलेटरही लागत नाही. x = 10^(-n) असेल, तर x^x म्हणजे दहाचा -n × 10^(-n) हा घात. x ०.१ असताना हा घातांक -०.१ होतो आणि किंमत सुमारे ०.७९४३ येते. x ०.०१ असताना घातांक -०.०२ आणि किंमत ०.९५५०. x ०.००१ ला घातांक -०.००३ आणि किंमत ०.९९३१. x ०.०००१ ला घातांक -०.०००४ आणि किंमत ०.९९९१. किंमत एककडे चालली आहे, आणि ती का चालली आहे हेही या हिशेबातच दिसते : n एकेकाने वाढतो, पण 10^(-n) दर वेळी दहापट लहान होतो. दोघांच्या गुणाकाराला शून्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

हे फलन सरळ रेषेत एककडे जाते असे मात्र समजू नये. x = 1 ला त्याची किंमत १ आहे. x कमी करत गेले की किंमत आधी उतरते, x = 1/e म्हणजे सुमारे ०.३६७९ ला ती सर्वांत कमी, सुमारे ०.६९२२, होते आणि तिथून पुन्हा चढू लागते. एक गंमत अशी की १/२ आणि १/४ या दोन्ही ठिकाणी किंमत अगदी सारखी, १/√२, येते. कारण १/४ चे चौथे मूळ आणि १/२ चे वर्गमूळ एकच आहे. ०.५, ०.४, ०.३ एवढ्याच किंमती घालून पाहणाऱ्याला उत्तर ०.७ च्या आसपास वाटेल. आकडे दिशा दाखवतात, सिद्धता देत नाहीत.

सिद्धतेसाठी लॉग घ्यायचा. अडचण आहे ती चल घातांकात असल्याने, आणि लॉगने घातांक खाली उतरून गुणाकार होतो. y = x^x धरले, तर

ln y = x ln x

आता उजव्या बाजूला x शून्याकडे जातो आणि ln x उणे अनंताकडे. रूप 0 × (-∞) झाले. हेही अनिर्धार्यच आहे, पण गुणाकाराचा भागाकार करता येतो आणि भागाकारावर लोपितालचा नियम चालतो. x ला छेदात 1/x म्हणून पाठवले की

x ln x = ln x / (1/x)

हे ∞/∞ प्रकारचे रूप आहे. अंशाचा अवकलज 1/x, छेदाचा -1/x^2. त्यांचा भागाकार -x, आणि x → 0+ असताना तो शून्याकडे जातो. म्हणजे ln y ची सीमा ०.

छेदात कोणाला पाठवायचे यावर येथे सगळे अवलंबून आहे. x अंशात ठेवून ln x खाली पाठवला, तर x / (1/ln x) असे 0/0 रूप मिळते. नियम लावण्यात चूक काहीच नाही, पण छेदाचा अवकलज -1/(x (ln x)^2) येतो आणि भागाकार होतो -x (ln x)^2. ज्या गुणाकारापासून सुटका हवी होती तोच लॉगच्या वर्गासह परत आला. पुन्हा तीच वाट धरली तर घन येईल. एकदा नियम लावल्यावर पदावली आधीपेक्षा अवघड दिसू लागली, की मांडणी उलटी झाली आहे असे ओळखावे. साधारण खूण अशी की अवकलज घेतल्यावर ज्याचा लॉग नाहीसा होतो, तो ln x अंशातच ठेवावा.

लोपितालचा नियम पदवीच्या वर्गात भेटतो. अकरावीत सीमा शिकणाऱ्याला त्याच्याशिवायही हे सिद्ध करता येते. x = e^(-t) असे घातले की x → 0+ म्हणजे t → ∞, आणि x ln x चे -t/e^t होते. t धन असताना e^t च्या श्रेणीतील सर्व पदे धन असतात, म्हणून e^t हे एकट्या t^2/2 या पदापेक्षा मोठे. त्यामुळे t/e^t हे 2/t पेक्षा लहान, तरीही धन. 2/t शून्याकडे जाते, तर मध्ये अडकलेल्या t/e^t लाही शून्याकडेच जावे लागते. ही सिद्धता जास्त समाधान देणारी आहे, कारण लॉगची वाढ किती मंद असते हे ती उघड दाखवते. x ऐवजी x^0.01 घेतला तरी x^0.01 ln x ची सीमा शून्यच. फक्त तिथवर पोहोचायला x फार लहान व्हावा लागतो.

शेवटची पायरी छोटी आहे आणि परीक्षेत नेमकी तीच राहून जाते. शून्य ही ln y ची सीमा आहे, y ची नव्हे. y = e^(ln y), आणि e^u हे संतत फलन असल्याने सीमा घातांकात नेता येते :

y → e^0 = 1

लॉगपाशीच थांबून उत्तर ० लिहिणाऱ्याला वरच्या आकड्यांनी सावध करायला हवे होते. ०.९९९१ वर पोहोचलेले फलन शून्यावर उतरणार नाही.

सीमा उजवीकडूनच का, याचे एक कारण लॉगमध्ये आहे : ऋण संख्येचा वास्तव लॉग नसतो. पण लॉग बाजूला ठेवला तरी डावीकडे गोंधळ आहेच. x = -1/2 घातल्यास ऋण संख्येचे वर्गमूळ काढावे लागते, म्हणजे वास्तव किंमतच नाही. x = -1/3 ला किंमत निघते, पण ती ऋण, सुमारे -१.४४२. विषम n घेऊन x = -1/n या मार्गाने शून्याकडे गेले तर किंमती -n^(1/n) अशा येतात आणि उणे एककडे जातात. x = -2/n या मार्गाने गेले तर अंशातील दोनमुळे चिन्ह धन होते आणि किंमती अधिक एककडे जातात. दोन मार्गांनी दोन उत्तरे आली की सीमा नसते.

x^x ची सीमा १ आली म्हणून 0^0 रूपाची प्रत्येक सीमा १ येते असे नाही. x^(1/ln x) पाहावे. x → 0+ असताना पाया शून्याकडे, आणि 1/ln x हा घातांकही शून्याकडे. पण लॉग घेतला की (1/ln x) × ln x = 1. हे फलन ० ते १ मधल्या प्रत्येक x ला e इतकेच असते, म्हणून सीमाही e. दुसरे उदाहरण पाया e^(-1/x) आणि घातांक x यांचे. लॉगचा गुणाकार -1 होतो, सीमा 1/e. -1/x च्या जागी -5/x घेतले तर सीमा e^(-5). पाया किती वेगाने आणि घातांक किती वेगाने शून्याकडे जातो, यावर उत्तर ठरते. x^x मध्ये लॉग मंद असल्याने घातांकाची सरशी होते, तर e^(-1/x) मध्ये पाया इतक्या झपाट्याने खाली येतो की घातांकाला ते निभावत नाही.

या मुद्द्यावर मोठ्या गणितज्ञांचीही गफलत झालेली आहे. कोशीने १८२१ च्या ग्रंथात 0^0 ला अनिर्धार्य रूपांत धरले होते. १८३४ मध्ये मोबियसने त्याची सीमा नेहमी १ येते असे मांडले, आणि ते खोडून काढायला वरचे e^(-1/x) चे उदाहरण पुरले. तरीही बहुपदींच्या सूत्रांत सोयीसाठी 0^0 = 1 धरतात, आणि पायथॉनमध्ये 0.0**0.0 लिहिले तर 1.0 मिळते. तो संकेत आहे, सीमेविषयीचे विधान नव्हे.

शून्यावरच्या क्रियांचा विचार भारतात याहून फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त शून्याच्या आठ परिकर्मांचे प्रकरण आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ एवढ्या क्रिया त्यात येतात, शून्य घात येत नाही. पण तिथले एक उदाहरण आजच्या विषयाच्या जवळचे आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तीनने गुणले आणि शून्याने भागले, तर ६३ येतात, संख्या कोणती? शून्याच्या जागी लहानसा h धरला, तर x × h × 3/2 × 3 ÷ h = 9x/2 = 63, म्हणून x = 14. भास्कराचार्यांचे उत्तरही १४ च आहे. शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य समजायची नाही, पुढे शून्याने भागायचे असेल तर ती तशीच राखायची, असा त्यांचा दंडक होता.

लॉगची हीच रीत आणखी दोन रूपांना चालते. 1^∞ चे ठरलेले उदाहरण (1 + x)^(1/x) : लॉग ln(1 + x)/x, त्याची सीमा १, म्हणून मूळ सीमा e. ∞^0 साठी t^(1/t), t → ∞ घेता येईल, पण वेगळा हिशेब नको. x = 1/t घातल्यावर x^x म्हणजे 1/t^(1/t) होते, म्हणून याचीही सीमा १. 0^∞ मात्र अनिर्धार्य नाही. लहान धन पाया आणि वाढता घातांक दोघेही शून्याकडेच ओढतात. तसेच x^(x^x) ला घाबरून लॉग घेण्याची गरज नाही. वरचा x^x एककडे जातो, रूप 0^1 होते आणि सीमा सरळ ०.

वाचकांनी पुढच्या लेखापर्यंत x → 0+ असताना (sin x)^x आणि (1/x)^(sin x) या दोन सीमा काढून पाहाव्यात. दोन्हींना sin x / x → 1 आणि x ln x → 0 एवढेच पुरते, आणि दोन्हींचे उत्तर १ आहे.