हिशेबनीस पाहिजे : एका जाहिरातीची दुरुस्ती

आमची बेकरी तालुक्याच्या गावात आहे. भट्टी अब्बांनी सुरू केली. आता आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण मिळून ती चालवतो. हिशेब पाहणारे काका वय झाल्यामुळे थांबले, तेव्हा त्यांच्या जागी माणूस हवा म्हणून आम्ही एक जाहिरात लिहिली. खरे तर लिहिली नाही. एका मोठ्या कंपनीची जाहिरात समोर ठेवून उतरवून काढली.

तिच्यात असे होते : ‘अनुभवी अकाउंटंट पाहिजे. पुरुष उमेदवार. बी.कॉम. आवश्यक, एम.कॉम. असल्यास प्राधान्य. वय २५ ते ३५. किमान ५ वर्षांचा अनुभव. टॅली, एक्सेल, जीएसटीचे संपूर्ण ज्ञान. अस्खलित इंग्रजी. स्वतःची दुचाकी. पडेल ते काम करण्याची तयारी.’

मोजकेच अर्ज आले. त्यातून सगळ्या अटींत बसणारा एक तरुण आम्ही घेतला. तिसऱ्या महिन्यात तो निघून गेला. जाताना एवढेच म्हणाला, “तुम्ही जाहिरातीत जे काम लिहिलं होतं, ते इथं नव्हतंच. आणि इथं जे आहे, ते जाहिरातीत नव्हतं.”

आम्हाला राग आला. पण रात्री दुकान बंद करून चहाला बसलो, तेव्हा अब्बा म्हणाले, “पोरगं खोटं बोललं नाही. माणूस कशासाठी पाहिजे, हे आपण तरी कुठं ठरवलं होतं?”

मग दुसऱ्या जाहिरातीच्या आधी आम्ही एक साधी गोष्ट केली. हिशेबाचे काम तेव्हा भाईजान करत होते. त्यांनी गल्ल्याजवळ शाळेची वही ठेवली आणि चार आठवडे, दर अर्ध्या तासाला काय केले, ते एका ओळीत लिहिले. महिनाभर लिहिण्याचे कारण असे की काही कामे रोजची असतात, काही आठवड्याची, तर काही महिन्यातून एकदाच डोके वर काढतात. एका दिवसाची नोंद घेतली असती, तर महिनाअखेरचे काम सुटलेच असते.

वही वाचली तेव्हा आमचे डोळे उघडले. सर्वात जास्त वेळ जात होता तो पाववाल्यांच्या आणि किराणा दुकानांच्या चिठ्ठ्या टॅलीत चढवण्यात. त्याखालोखाल उधारीच्या वसुलीचे फोन. मग रोजचा गल्ला मोजून रोजकीर्दीशी जुळवणे. महिन्याच्या शेवटी बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याचे काम भाईजान करतच नव्हते. ते आमचे करसल्लागार करतात. आमच्याकडून त्यांना फक्त विक्रीचा नीट वेगळा केलेला तपशील हवा असतो, कारण साध्या पावावर कर नाही आणि केक-बिस्किटांवर आहे. म्हणजे ‘जीएसटीचे संपूर्ण ज्ञान’ ही अट आम्ही जे काम देणारच नव्हतो, त्यासाठी घातली होती.

वहीत आणखीही काही सापडले. मुलांना शाळेतून आणणे, अम्मीची औषधे आणणे, लाइट बिल भरायला जाणे. ‘पडेल ते काम’ या तीन शब्दांत आम्ही घरची कामे लपवली होती. त्यांच्यावर काट मारली. जे काम नोकरीचे नाही, ते घरच्यांनी वाटून घेतले.

उरलेल्या कामांतून जबाबदाऱ्या लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात बहिणीने लिहिले, ‘हिशेब सांभाळणे.’ या दोन शब्दांवरून नव्या माणसाला काय कळणार? मग प्रत्येक ओळीत तीन गोष्टी आणायचे ठरले : काय करायचे, केव्हापर्यंत करायचे आणि ते नीट झाले हे कशावरून समजायचे. तेव्हा ‘हिशेब सांभाळणे’ याच्या चार ओळी झाल्या. आदल्या दिवशीच्या सर्व चिठ्ठ्या सकाळी ११ पर्यंत टॅलीत चढवणे. रोज संध्याकाळी गल्ला मोजून रोजकीर्दीशी जुळवणे आणि फरक असल्यास त्याच दिवशी सांगणे. दर सोमवारी १५ दिवसांहून जुन्या उधारीची यादी काढून त्या दुकानदारांना फोन करणे. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत बँकेचा ताळमेळ आणि करपात्र-करमुक्त विक्रीचा तपशील तयार ठेवणे. ५ तारीख अशासाठी की दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांना विक्रीचे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावे लागते. सल्लागारालाही मध्ये चार दिवस हवेत.

जबाबदाऱ्या ठरल्या तेव्हा कौशल्यांची यादी आपोआप लहान झाली. तरी खरी ओढाताण तिथेच झाली, कारण प्रत्येकाला आपली अट ‘आवश्यक’ वाटत होती. म्हणून आम्ही प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारले. हे येत नसेल तर पहिल्याच आठवड्यात वरच्या चारपैकी एखादे काम अडेल का? हे दोन-तीन महिन्यांत इथेच शिकता येणार नाही का? बाकी सगळ्यात उत्तम असलेल्या माणसाला केवळ याच कारणाने आपण परत पाठवू का? तिन्हींना ‘हो’ आले, तरच ती अट आवश्यक.

बी.कॉम. पहिल्याच प्रश्नाला अडखळले. पदवी नसल्याने चिठ्ठ्या चढवायच्या थांबत नाहीत. आम्हाला हवी होती जमा-नावे यांची पक्की समज आणि ताळमेळ लावता येणे. पदवी ही त्याची फक्त एक खूण होती. पाच वर्षांच्या अनुभवाचेही तेच. पाच वर्षे नुसत्या चिठ्ठ्या लावलेल्या माणसाला ताळमेळ येईलच असे नाही. अस्खलित इंग्रजीच्या जागी आम्ही लिहिले, ‘बँकेचे स्टेटमेंट आणि टॅलीतील इंग्रजी शब्द वाचून समजणे.’ फोन तर सगळे मराठीतच करायचे होते. दुचाकी बँकेत भरणा करायला लागते, पण तो भरणा धाकटा भाऊ रोज करतोच. ‘पुरुष उमेदवार’ आणि वयाची अट का घातली होती, याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. त्या दोन्ही ओळी खोडल्या.

शेवटी आवश्यक अशा तीनच गोष्टी उरल्या : जमा-नावे आणि बँकेचा ताळमेळ, टॅलीत नोंदी करण्याचा सराव, आणि दुकानदाराशी न भांडता, पण न कचरता पैशांबद्दल बोलता येणे.

एका अटीवर मात्र बराच वाद झाला. अब्बांची जुनी उधारीची वही उर्दूत आहे. ‘उर्दू वाचता आलेच पाहिजे,’ असे त्यांचे म्हणणे. बहिणीने विचारले, “अब्बा, त्या वहीतली किती खाती अजून चालू आहेत?” मोजली तर नऊ निघाली. अब्बा वाचून सांगतील आणि कोणीतरी उतरवून घेईल, दोन दुपारचे काम. मग उर्दू ‘असल्यास चांगले’ या रकान्यात गेली. तिच्यासोबत एक्सेल आणि बेकरीचा किंवा किराणा मालाच्या ठोक व्यापाराचा अनुभव. तिथेही तीनच गोष्टी ठेवल्या. हा रकाना लांबला की वाचणारा त्यालाच अट समजतो. म्हणून खाली स्पष्ट लिहिले : ‘यातील काही नसले तरी अर्ज करा.’ कामाची वेळ आणि पगारही छापला.

लिहिलेले पाळणे हे त्याहून अवघड असते. मुलाखतीत एक जण छान एक्सेल दाखवतो आणि ताळमेळ कच्चा असूनही तोच आवडून जातो. हे होऊ नये म्हणून आम्ही ठरवले की आधी तीन आवश्यक गोष्टी तपासायच्या. त्यात जे उतरतील, त्यांच्यातच निवड करताना दुसरा रकाना उघडायचा.

तपासणी सोपी होती. प्रत्येकाला एक कागद दिला. आमच्या वहीप्रमाणे बँकेत शिल्लक १,८६,४०० रुपये, बँकेच्या स्टेटमेंटप्रमाणे १,९०,७८२. फरक ४,३८२. सोबत महिन्याच्या दोन्हीकडच्या नोंदी. उत्तर असे की मैद्याच्या व्यापाऱ्याला दिलेला ४,५०० चा चेक अजून बँकेत वटला नव्हता, आणि बँकेने कापलेले ११८ रुपये आपल्या वहीत चढले नव्हते. ४,५०० मधून ११८ वजा केले की फरक मिळतो. बरेच जण नोंदींकडे न पाहता ४,३८२ ची एकच रक्कम शोधत बसले. ती सापडत नाही, कारण फरक दोन उलट्या चुकांचा असतो.

ज्या बाईंनी तो सर्वांत आधी शोधला, त्या आमच्याच मोहल्ल्यातल्या निघाल्या. बारावी कॉमर्स. लग्नाआधी एका धान्य दुकानात हिशेब केलेला. मग मुले लहान म्हणून सहा वर्षे घरी. चेक वटेल तो वटेल, पण ११८ रुपये आपल्या वहीत आजच चढवायला हवेत, हेही त्यांनी आपणहून सांगितले. अब्बांनी विचारले, “बेटी, मागच्या वेळी का आली नाहीस?” त्या म्हणाल्या, “जाहिरात वाचली होती चाचा. पुरुष आणि पदवीधर पाहिजे, असं लिहिलं होतं. मग कशाला यायचं?”

त्या आता आमचा हिशेब पाहतात. उर्दूची वही त्यांनी अब्बांजवळ बसून उतरवून घेतली.

ही चाळणी सगळीकडे सारखी चालत नाही, हेही सांगायला हवे. काही अटी कायद्याच्या असतात. औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे देणारा नोंदणीकृत फार्मासिस्टच लागतो. टेम्पो चालवणाऱ्याला त्या वाहनाचा परवानाच लागतो. तिथे तीन प्रश्न विचारायची गरज नाही. आणि जबाबदाऱ्यांचा कागद कायमचा नसतो. सहा महिन्यांनी आम्ही आमचा पुन्हा वाचला, तर ऑनलाइन येणाऱ्या केकच्या ऑर्डरींची नोंद हे नवे काम वाढलेले दिसले. ते त्यांना विचारून कागदावर घेतले आणि पगारातही धरले.

आपल्या घरातली मुले-मुली जाहिराती वाचतात, तेव्हा त्यांनीही त्या याच नजरेने वाचाव्यात असे आम्हाला वाटते. आधी कामे पाहा, मग अटी. कायद्याची अट असेल तर प्रश्नच नाही. पण कामे येत असतील आणि एखादी अट त्या कामांशी जुळत नसेल, तर अर्ज करा आणि त्या अटीबद्दल सरळ विचारा. कदाचित समोरच्यानेही ती आमच्यासारखीच कुठून तरी उतरवून काढलेली असेल.