खोली सोडताना डिपॉझिट का अडकते?

शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली आता यवतमाळला, नागपूरला, अमरावतीला किरायाने खोली करून राहतात. खोली घेताना आपण पाणी किती वेळ येतं ते पाहतो, संडास-बाथरूम पाहतो, शेजार पाहतो. करारनामा मात्र न वाचताच सही करतो. आज आम्ही त्यातल्या तीनच कलमांबद्दल बोलणार आहोत: डिपॉझिट, लॉक-इन आणि नोटीस. पैसा अडकतो तो बहुतेक याच तीन ठिकाणी.

आमच्या गटातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका ताईंची मुलगी नर्सिंग शिकली आणि यवतमाळला कामाला लागली. 1 जुलैपासून तिने खोली घेतली. किराया महिना 4,000 रुपये, डिपॉझिट 12,000, करार 11 महिन्यांचा. त्यात लिहिलं होतं, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना. ऑक्टोबरात तिला नागपूरला चांगली नोकरी मिळाली. 10 ऑक्टोबरला तिने घरमालकांना तोंडी सांगितलं, "काका, या महिन्याच्या शेवटी मी खोली सोडते." ते "बरं" म्हणाले. 31 तारखेला किल्ली देताना मात्र त्यांनी हिशेब मांडला: लॉक-इनचे उरलेले दोन महिने, म्हणजे 8,000. नोटिशीचा एक महिना, 4,000. झाले 12,000. म्हणजे डिपॉझिट संपलं, वर रंगाचे 2,500 तूच दे! पोरगी रडत घरी आली आणि ताई कागद घेऊन आमच्याकडे आल्या.

आता या हिशेबात चूक कुठे आहे ते पाहू.

आधी लॉक-इन समजून घ्या. लॉक-इन म्हणजे तेवढ्या काळात खोली सोडायची नाही असा शब्द. घरमालकाला वारंवार नवा किरायेदार शोधावा लागू नये म्हणून तो घालतात. तेव्हा लॉक-इन मोडला तर भरपाई मागण्याचा हक्क त्यांना आहे, हे खरं आहे. पण किती? भारतीय करार कायदा 1872, त्याचं कलम 74 सांगतं की करारात कितीही रक्कम लिहिलेली असली तरी भरपाई वाजवीच मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. खोली पंधरा दिवसांत दुसऱ्याला दिली, तर दोन महिन्यांचा किराया बुडाला असं म्हणता येत नाही. एकाच खोलीचा किराया दोघांकडून घेणं ही भरपाई होत नाही.

दुसरी चूक नोटिशीची. नोटीस म्हणजे आगाऊ सूचना. 10 ऑक्टोबरला दिलेली एक महिन्याची नोटीस 10 नोव्हेंबरला संपते. ते दिवस लॉक-इनच्या उरलेल्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच येतात. एकच नोव्हेंबर एकदा लॉक-इनमध्ये आणि पुन्हा नोटिशीत मोजला, की हिशेब फुगतो. फार तर 8,000 ची मागणी होऊ शकली असती, 12,000 ची नाही.

पण मुलीचीही एक चूक होती. तिने सांगितलं ते तोंडी. घरमालक म्हणाले, "मला 31 लाच कळलं." नोटीस नेहमी लेखी द्या. साध्या कागदावर तारीख घालून दोन प्रती करा, एकीवर घरमालकांची सही घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मोबाइलवरचा संदेशही उपयोगी पडतो, पण कराराने सांगितलेली पद्धत चुकवू नका. आणि करारात पाहा, नोटीस दोघांनाही सारखीच आहे का? किरायेदाराला दोन महिने आणि घरमालकाला पंधरा दिवस, असंही लिहिलेलं आम्ही वाचलं आहे. सही करण्याआधी ते सारखं करून घ्या.

आता डिपॉझिट. हे पैसे आपलेच असतात, घरमालकाकडे सांभाळायला ठेवलेले. थकलेला किराया, वीजबिल, आपल्या हातून झालेली मोडतोड एवढ्यासाठीच त्यातून कापता येतं. राहून राहून भिंतीचा रंग फिका झाला, ही मोडतोड नव्हे. खिळे ठोकून पलस्तर पाडलं, ही मोडतोड. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या किरायाची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून किती डिपॉझिट द्यायचं, हे आपल्या बोलण्यावरच ठरतं. दोन महिन्यांवर अडून पाहा. रक्कम बँकेतून किंवा फोनवरून द्या; रोख दिली तर पावती घ्या. राहायला जाल त्या दिवशी भिंती, नळ, पंखा, दार यांचे फोटो काढा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा.

कागदाबद्दलही एक गैरसमज आहे. "अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्ट्री लागत नाही," असं सगळे म्हणतात. नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यावरून ही सवय पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे तो जिथे लागू आहे त्या शहरांत घर किरायाने देण्याचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ही जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल किरायेदार जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. बाँडपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा ऑनलाइन होते.

त्या मुलीचा करारही नुसता नोटरीचा होता. आम्ही दोघी-तिघी घरमालकांकडे गेलो, भांडायला नाही, हिशेब मांडायला. त्यांनी 1 डिसेंबरपासून खोली दुसऱ्या मुलीला दिली होती. म्हणजे त्यांचा बुडाला तो एक नोव्हेंबर. आम्ही म्हटलं, त्या महिन्याचे 4,000 आणि शेवटचं वीजबिल 340 कापा. उरले 7,660. रंगाचे पैसे त्यांनी सोडले, कारण मुलीच्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवशीचे फोटो होते आणि भिंत तेव्हाही तशीच होती. पैसे आठवड्याने आले.

तुमच्या करारात ही तीन वाक्यं लिहून घ्या. एक: "किल्ली परत दिल्याच्या दिवशी, थकबाकी व मोडतोड वजा करून, हिशेबासह डिपॉझिट परत केले जाईल." दोन: "लॉक-इन काळात खोली सोडल्यास फक्त एक महिन्याचा किराया भरपाई म्हणून द्यावा लागेल, नोटिशीचा काळ वेगळा मोजला जाणार नाही." तीन: "दोन्ही बाजूंना एक महिन्याची लेखी नोटीस बंधनकारक राहील." घरमालक नाही म्हणाले, तर निदान कोणत्या वाक्यावर नाही म्हणतात ते सहीआधीच कळेल. आणि कराराची एक प्रत आईजवळ, घरी ठेवायला विसरू नका.