उलटी होतेय, तरी ओआरएस कसं द्यायचं?

आजचा एपिसोड माझ्या भाच्यामुळे सुचला. वय दीड वर्ष, वजन 10 किलो. सकाळपासून पाच-सहा जुलाब आणि वर उलट्या. ताईचा फोन आला, "अरे, ओआरएस देतेय, पण सगळं बाहेर काढतोय."

मी विचारलं, पाणी किती घेतलंस? तर म्हणाली, एक ग्लास. पाकीट होतं एक लिटरचं! "एवढं लिटरभर तो कुठे पिणार?" हे तिचं लॉजिक. ऐकायला बरोबर वाटतं, पण इथेच घोळ होतो.

आपल्या आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाबातही ही वाट बहुतेक वेळा चालू असते, म्हणून ओआरएस काम करतं. पण द्रावण घट्ट झालं की उलटं होतं: शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तात मीठ चढतं. म्हणून पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय, तेवढ्यातच अख्खं पाकीट. 200 मिलीचं छोटं पाकीटही मिळतं. पाणी उकळून गार केलेलं, आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. प्रत्येक चवदार टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे, बऱ्याच पॅकमध्ये साखर जास्त असते.

आता उलटीचं. तहानलेलं पोर वाटी तोंडाला लावून घटाघटा पितं आणि ओकतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्याने, सावकाश. डॉक्टरांनी भाच्याला तपासून चार तासांत 750 मिली सांगितलं, म्हणजे किलोला 75. मी कॅल्क्युलेटर काढला: तासाला साधारण 190 मिली, म्हणजे 5 मिलीचे 38 चमचे. दर दीड मिनिटाला एक! मी मोबाइलवर टायमर लावला, ताई भरवत होती. कंटाळवाणं काम आहे, खरंच. पण पहिल्या अर्ध्या तासानंतर उलटी झाली नाही आणि दुपारी डायपर ओला झाला.

शरीर सुकलेलं नसेल, तर दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली पुरतं. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. झिंकचा डोस डॉक्टरांना विचारा. जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी अजिबात नको.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती हळूहळू खाली बसली, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. पोर मलूल पडलं, उठत नाही, पीतच नाही, शीत रक्त दिसलं, उलटी हिरवी झाली किंवा सहा-आठ तास शू नाही, तर चमचे मोजत बसू नका. थेट हॉस्पिटल, आणि पीत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवा.