पत्ता हरवलेली उपकरणं: घरच्या नेटवर्कचा मागोवा

डीएचसीपीचं पहिलं प्रमाण 1993 सालचं. कार्यालयांत संगणक येत-जात असत आणि पत्ते मोजकेच, म्हणून प्रत्येकाला पत्ता ठरावीक मुदतीसाठीच द्यायचा, हा त्यामागचा हिशेब. घरात जागेवरून न हलणारी वीस उपकरणं असतील आणि एक डॅशबोर्ड त्यांना पत्त्यावरून शोधेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

लॅपटॉप आपला जुना पत्ता लक्षात ठेवतो आणि तोच पुन्हा मागतो. टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारा स्वस्त सेन्सर बहुधा तसं करत नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारा राउटरही दिलेल्या पत्त्यांची यादी रॅममध्येच ठेवतो, त्यामुळे लाइट गेली की दोघांच्याही आठवणी पुसल्या जातात. गंमत म्हणजे बहुतेक वेळा जुनाच पत्ता परत मिळतो, म्हणून दोष उशिरा उघडा पडतो. एखाद्या दिवशी सेन्सरचा `192.168.1.37` टीव्हीला मिळतो आणि डॅशबोर्डवरची टाकी गायब होते. `ping` केलं तर उत्तर येतं, पण ते टीव्हीचं! लगेच `arp -a` चालवून त्या पत्त्यासमोरचा मॅक क्रमांक सेन्सरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला की अदलाबदल कळते.

पूर्वी लोक सेन्सरमध्येच पत्ता कायमचा भरत. राउटरला ते माहीत नसल्यामुळे तो कधीकधी तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देई आणि टक्कर होई. म्हणून पत्ता राउटरमध्येच राखून ठेवणं अधिक शहाणपणाचं. डीएनएसमास्कमध्ये ते असं होतं:

```
dhcp-host=a4:cf:12:00:00:31,taki,192.168.1.20
domain=home.arpa
local=/home.arpa/
```

नावांची वाट वेगळी होती. 2002 मध्ये ॲपलने आणलेली, पुढे बॉंझूर म्हणून ओळखली गेलेली पद्धत 2013 मध्ये प्रमाण ठरली आणि `.local` तिच्यासाठी राखून ठेवलं गेलं. सोय मोठी, कारण राउटरला हातही लावावा लागत नाही. पण नावाने मारलेली ही हाक त्याच नेटवर्कपुरती असते. गेस्ट वायफायवरच्या फोनला किंवा डॉकरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये बसवलेल्या डॅशबोर्डला ती सहसा ऐकूच जात नाही.

2018 मध्ये घरगुती नावांसाठी `home.arpa` राखून ठेवलं गेलं, आणि राउटरच नावं सांगणार असेल तर हाच पर्याय भरवशाचा. डॅशबोर्डमध्ये आकड्याऐवजी `taki.home.arpa` लिहायचं. अट एकच: डॅशबोर्डच्या यंत्राने नाव राउटरलाच विचारलं पाहिजे. तिथे `8.8.8.8` भरलेलं असेल तर हे नाव सापडणार नाही. `nslookup taki.home.arpa` चालवलं की उत्तर कोण देतंय ते दिसतं. इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही राउटरांत पत्ता राखता येतो, पण नाव देता येत नाही. तिथे आकड्यावरच भागवावं लागतं.

राखलेला पत्ता मॅक क्रमांकावरच बेतलेला असतो, पण 2019च्या अँड्रॉइड 10 आणि 2020च्या आयओएस 14 पासून फोन वायफायला आपला खरा मॅक क्रमांक न सांगता बनावट सांगू लागले. ‘घरी कोण आहे’ हे डॅशबोर्डवर पाहणाऱ्यांनी फोनचा पत्ता राखण्याआधी घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करावी.