‘दीड लिटर’ म्हणजे नेमके किती?

उल्हासनगरच्या रुग्णालयातून हृदयाची पंपशक्ती घटलेले आजोबा बदलापूरला घरी येतात. डिस्चार्ज कार्डावर असते: ‘द्रव दीड लिटर, रोज वजन, लॅसिक्स १-०-०’.

या दीड लिटरात पाण्याबरोबर चहा, ताक, पातळ वरणही आले. सकाळी तेवढे पाणी बाटल्यांत भरून ठेवावे. कपभर चहा दिला की कपभर पाणी त्यातून काढावे. १-०-० म्हणजे लघवीची गोळी फक्त सकाळी. वजन लघवीनंतर, न्याहारीपूर्वी करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते बहुधा साठलेले पाणी असते; पायांच्या सुजेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

निघण्यापूर्वी विचारावे: जुलाब-उलट्या झाल्यास गोळी थांबवावी का? पोटॅशियम, क्रिएटिनिनची तपासणी कधी? उन्हाळ्यात पाण्याची मर्यादा तीच का?