कवितेतला बाप, कवयित्रीचा बाप

सिल्व्हिया प्लाथने ‘डॅडी’ ही कविता १२ ऑक्टोबर १९६२ रोजी लिहिली. ती तेव्हा इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात राहत होती. नवरा, कवी टेड ह्यूज, घर सोडून गेला होता. दोन्ही मुलं लहान होती आणि वडिलांना जाऊन जवळजवळ बावीस वर्षं झाली होती. कवितेतली मुलगी या मेलेल्या बापाशी बोलते. आधी तो तिला देवासारखा अवाढव्य दिसतो, मग नाझी होतो आणि शेवटी तिचं रक्त पिणारा पिशाच्च होतो.

मनोविश्लेषणाला याहून उघडं आमंत्रण कुठली कविता देईल? शिवाय प्लाथने स्वतःच ते दिलं आहे. बीबीसीवरच्या वाचनासाठी लिहिलेल्या टिपणात तिने सांगून टाकलं, की ही कविता इलेक्ट्रा गंड असलेल्या मुलीच्या तोंडची आहे आणि वडील तिला देव वाटत असतानाच वारले आहेत. मुलीची वडिलांकडे असलेली ओढ आणि त्यापोटी आईशी मनात चाललेली चढाओढ, यांना हे नाव युंगने १९१३ साली दिलं.

पण या कवितेत शिरण्यासाठी मला फ्रॉइडचा एक निबंध जास्त उपयोगी वाटतो. तो १९१७ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा विषय आहे शोक आणि विषण्णता. शोक करणारा माणूस गेलेल्या माणसापासून हळूहळू सुटत जातो. विषण्ण माणसाला हे जमत नाही. गेलेल्याला तो आपल्या आत घेतो आणि त्याच्यावरचा राग स्वतःवर काढू लागतो. मी नालायक आहे, मला जगण्याचा हक्क नाही, असं तो म्हणतो तेव्हा ते दोषारोप मुळात त्या दुसऱ्या माणसावरचे असतात, असं फ्रॉइडचं म्हणणं.

आता कविता पाहा. पाच-पाच ओळींची सोळा कडवी, आणि त्यांतून सतत घुमणारा एकच ‘ऊ’कारान्त यमक. चाल बडबडगीताची, राग मोठ्या बाईचा. मुलगी म्हणते, की तीस वर्षं ती बापाच्या आत, बुटातल्या पावलासारखी कोंडून राहिली. विसाव्या वर्षी तिने मरायचा प्रयत्न केला, तो त्याच्याजवळ परत जाण्यासाठी. ते साधलं नाही म्हणून तिने त्याच्यासारखाच दुसरा पुरुष घडवला आणि त्याच्याशी लग्न केलं. शेवटी ती सांगते, की एकाला मारलं तेव्हा दोघं मेले. फ्रॉइडची कल्पना हाताशी असली की हे सगळे तुकडे एका धाग्यात येतात. आत घेतलेला बाप, स्वतःवर उलटलेला राग आणि मग तोच राग पुन्हा मूळ माणसाकडे वळवण्याची धडपड. शेवटच्या ओळीकडेही त्यामुळे नीट लक्ष जातं. तिथे ती आपलं सगळं संपल्याचं जाहीर करते, पण त्याच ओळीत बापाला दोनदा हाक मारते. ज्याच्यापासून सुटका झाली त्याला कोण हाक मारेल? हे वाचन मला पटतं, कारण त्यासाठी लागणारं सगळं कागदावर आहे. कुणाला ते खोडायचं असेल तर कागदावरचंच काही दाखवून खोडता येईल.

इथे एक अडचण लगेच समोर येते. प्लाथने तो निबंध वाचला होता. बॉस्टनमध्ये रूथ ब्यूशर या मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे तिचे उपचार पुन्हा सुरू झाले होते, तेव्हा डिसेंबर १९५८मध्ये तिने रोजनिशीत त्याबद्दल लिहिलं आहे. म्हणजे टीकाकार कवितेतून फ्रॉइड बाहेर काढतो तेव्हा तो कवयित्रीची नेणीव उघडत नसतो. तिने जाणीवपूर्वक ठेवलेलीच वस्तू तो उचलत असतो. कवितेची बांधणी समजायला याची मदत होते, पण तिच्या मनाचा हा पुरावा नव्हे.

आता खरा बाप. ओटो प्लाथ १९०० साली जर्मनीतून अमेरिकेत आला, तेव्हा हिटलर अकरा वर्षांचा होता. तो बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक होता आणि भुंग्यांवरच्या त्याच्या ग्रंथामुळे ओळखला जाई. मधुमेहाकडे दुर्लक्ष झालं, पायाच्या बोटाची जखम चिघळली, पाय कापावा लागला आणि ५ नोव्हेंबर १९४० रोजी तो वारला. सिल्व्हियाला नुकतीच आठ वर्षं पूर्ण झाली होती. कवितेतल्या पुतळ्याचं एक राखाडी अंगठ्याचं बोट भलंमोठं आहे, ते कुठून आलं हे यावरून कळतं. चरित्राचा इतका आधार घ्यायला माझी हरकत नाही. पण काही वाचक इथून पुढे जातात. कापलेला पाय म्हणजे खच्चीकरण, बाप मरावा अशी त्या मुलीची इच्छा होती, ती खरी झाली आणि त्या अपराधाचं ओझं ती जन्मभर वाहत राहिली, असं ते सांगतात. पाय कापला ही नोंद आहे. आठ वर्षांच्या मुलीची इच्छा कुठेच नोंदलेली नाही. ती सिद्धांतातून आली आणि मग चरित्रातली वस्तुस्थिती म्हणून वावरू लागली. वाचन अटकळीत शिरतं ते नेमकं या पायरीवर.

वयाचंही असंच आहे. कवितेतली मुलगी बापाला पुरताना दहा वर्षांची आहे. ही दोन वर्षं कुठून आली, यावर नकार, दडपण, मृत्यू पुढे ढकलण्याची इच्छा, असं हवं तेवढं रचता येईल. पण कवितेत दहा, वीस, तीस अशा पायऱ्या आहेत आणि कविता लिहिताना प्लाथला तीस पुरी व्हायला पंधरा दिवस होते. आकृतीसाठी दहा हवे होते, एवढं कारण पुरतं.

सगळ्यात अवघड जागा आईची आहे. रोजनिशीतल्या त्या नोंदीत प्लाथ फ्रॉइडचा निबंध स्वतःला लावते, तेव्हा स्वतःवर उलटलेला राग मुळात आईवरचा होता असं म्हणते. बापावरचा नव्हे. कवितेत आई जवळजवळ नाहीच. मग ‘डॅडी’तला बाप हा आईवरचा मुखवटा आहे का? असं म्हणता येतं, आणि म्हणूनच सावध व्हायला हवं. बाप दिसला तर बापावरचा राग सिद्ध, आई दिसली नाही तर आईवरचा राग सिद्ध. जे वाचन असण्यानेही खरं ठरतं आणि नसण्यानेही, त्याला कवितेची गरज उरलेली नसते.

हा आक्षेप फ्रॉइडला ठाऊक होता. १९३७ सालच्या एका लेखात तो त्यालाच सामोरा जातो. रुग्णाच्या ‘हो’वर किंवा ‘नाही’वर आपण विसंबत नाही, असं तो सांगतो. अन्वयार्थ मांडल्यावर रुग्णाला नवं काय आठवतं, कुठलं स्वप्न पडतं, त्यावर तो टिकतो की पडतो हे ठरतं. उपचाराच्या खोलीत हे शक्य असतं, कारण समोरचा माणूस पुन्हा बोलतो. कविता पुन्हा बोलत नाही. डेव्हिड होलब्रुकने १९७६ साली प्लाथवर पुस्तक लिहिलं, तेव्हा तो तिच्या कवितांवरून तिच्या व्यक्तिमत्त्वाचं निदान करत गेला. उत्तर देऊ शकेल असं समोर कुणी नव्हतं, ती ११ फेब्रुवारी १९६३ रोजीच गेली होती. १९९१ साली जॅकलीन रोझने मनोविश्लेषणाचीच हत्यारं वापरली, पण कल्पनाविश्व हे घडलेल्या गोष्टींचं कबुलीपत्र नसतं हा आग्रह धरून. मला रोझचा रस्ता बरोबर वाटतो.

प्लाथने ब्यूशरबाईंना लिहिलेली चौदा पत्रं २०१८ साली छापली गेली. ती १९६०पासूनची आहेत आणि लग्न मोडण्याच्या त्या महिन्यांबद्दल बरंच काही सांगतात. ‘डॅडी’तला नवरा वाचताना ती जवळ ठेवावीत. १९४०च्या त्या नोव्हेंबरात मुलीच्या मनात काय होतं हे मात्र त्यांतून काढता येणार नाही.