उकळलेलं पाणी, बुडालेली बोटं

पावसाळ्याच्या तोंडावर आशाताईंच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "पाणी उकळून देतो, तरी बाळाला जुलाब कसे?" उत्तर बऱ्याचदा माठापाशीच सापडतं.

पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती मिनिटभर टिकली, की जुलाबाचे जंतू मरतात. नुसतं कोमट करून भागत नाही. पण उकळलेल्या पाण्यात नंतर पडणाऱ्या जंतूंना रोखणारं काहीच नसतं. बाळाची शी धुतलेल्या हाताने कुणी पेला माठात बुडवला, की बोटांवरचे जंतू पाण्यात उतरतात. पाणी मात्र नितळच दिसतं.

म्हणून पाणी उकळलेल्या भांड्यातच झाकून निवू द्यावं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावं. नुसत्या पाण्याने हात पुरते स्वच्छ होत नाहीत. जंतू तेलकट मळाला चिकटतात आणि साबण तो मळ सोडवतो. बेचक्या, नखं, अंगठे चोळायला वीसेक सेकंद लागतात. शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी आणि भरवण्याआधी हे करायलाच हवं.

ताई, घरभेटीला गेलात की आधी माठ बघा: झाकण आहे का? ओगराळं आहे का?